गॅसचा वास आला तर आधी काय कराल?

मायबहिणींनो, भरताची वांगी भाजताना रस-तेल ओघळून नळीवर पडतं. चिकट नळी उंदीर कुरतडतात. म्हणून नळी रोज पुसा, पाच वर्षांनी बदलाच.

आता वास आला असं समजा. आधी शेगडी, देवघरातला दिवा, सगळी ज्योत विझवा. मग रेग्युलेटर बंद करा. त्यानंतर दारं-खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. लाईटचं, पंख्याचं बटण चालू करू नका, बंदही करू नका; ठिणगी तिथेच पडते. लेकरांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच 1906 ला फोन लावा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नको, भडका उडतो! गॅस बंद करा, झाकण सरकवत ठेवा, कढई हलवू नका. थंड होईपर्यंत झाकण उचलू नका.