लिफ्टच्या बिलात कोणत्या फ्लॅटचा किती वाटा

नमस्कार मंडळी. लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल जीएसटीसह १,३९,२४० रुपयांचं आहे. त्यात चारही रोप ४६,०००, वरची मुख्य पुली ३८,०००, ब्रेक लायनर आणि स्प्रिंग ९,०००, मजुरी २५,०००, आणि या १,१८,००० वर १८ टक्के कर. रोप एकच तुटायला आला होता, मग चारही का? जुन्या-नव्या रोपांवर ताण सारखा येत नाही, नवा लवकर जातो. पुलीच्या खाचाही झिजल्यात. तशाच ठेवल्या तर नवे रोप त्या खाचांत घासून खराब होतील. आपल्या वार्षिक करारात फक्त सर्व्हिसिंग आहे, सुटे भाग नाहीत.

दुरुस्ती निधीतून ४०,००० घेतले. हा निधीही क्षेत्रफळानुसारच जमलेला आहे, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही. उरले ९९,२४०.

आपल्या घोषणापत्रात सोळा फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र एकूण ११,८०० चौरस फूट आहे. म्हणजे फुटाला साधारण ८ रुपये ४१ पैसे. ६०० फुटांचे आठ फ्लॅट, प्रत्येकी ५,०४६ रुपये. ८०० फुटांचे सहा, प्रत्येकी ६,७२८. चौथ्या मजल्यावरचे ११०० फुटांचे दोन, प्रत्येकी ९,२५१. बेरीज ९९,२३८ होते. पूर्णांक केल्यामुळे कमी पडलेले दोन रुपये निधीतून.

घोषणापत्रातले प्रत्येक फ्लॅटच्या हिश्श्याचे टक्के दोन दशांशांपर्यंतच छापलेत आणि त्यांची बेरीज ९९.९६ भरते. त्यावरून मागणी काढली असती तर चाळीसेक रुपये कमी पडले असते, म्हणून थेट फुटांवर हिशेब केला. विक्रीच्या कागदावरचं बिल्टअप क्षेत्र किंवा बंद केलेली बाल्कनी यात धरलेली नाही. एकाचं कार्पेट आणि दुसऱ्याचं बिल्टअप घेतलं की सगळाच हिशेब बिघडतो.

समान वाटणी का नाही, असं वरच्या काकांनी विचारलं. तशी केली तर प्रत्येकाला ६,२०२ रुपये ५० पैसे आले असते, आणि तुमचे तीन हजारांहून जास्त वाचले असते हे खरं. पण समान वाटणीचा नियम सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींतला आहे. आपली इमारत १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहे, आणि त्याच्या कलम १० नुसार सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे विभागायचा असतो. आपला हिस्सा क्षेत्रफळावर ठरलाय. सभेच्या ठरावाने तो बदलता येत नाही, आणि माझ्या मते तसा प्रयत्नही करू नये. पहिल्या मजल्यावरच्या ताईंनाही तेच सांगतो: लिफ्ट वापरत नाही म्हणून वाटा माफ होत नाही.

भाडेकरू असला तरी मागणी मालकाच्या नावावर निघेल. कंत्राटदाराला निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आहे, ती मिळाल्यावरच पुली मागवतील. म्हणून २० तारखेपर्यंत संघाच्या खात्यात भरा आणि शेऱ्यात फ्लॅट क्रमांक लिहा; नाहीतर जमा कोणाच्या नावावर टाकायची हेच कळत नाही. घोषणापत्र आणि बिलाची प्रत टेबलावर आहे, आपापलं क्षेत्रफळ आत्ताच ताडून बघा.