मुले विचार कसा करतात, आणि अवस्थांचा सिद्धांत कुठे अपुरा पडतो: शनिवारच्या सादरीकरणासाठी प्रश्न

गट ३ साठी. शनिवारी तुमचे सादरीकरण झाले की वर्गातले विद्यार्थी यांतले काही प्रश्न विचारतील, काही मी विचारीन. आधीच देते आहे, कारण यांची उत्तरे गाइडमध्ये सापडणार नाहीत. मुलांच्या विचारविकासाच्या पियाजेने मांडलेल्या चार अवस्थांचा तक्ता (० ते २, २ ते ७, ७ ते ११ आणि त्यापुढे) एकाच स्लाइडवर ठेवा आणि पाच मिनिटांत पुढे जा. वर्गाला तो पाठ आहे. वेळ लागणार आहे तो एका गोष्टीला: मूल चुकले असे आपण म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय विचारले होते, कोणी विचारले होते आणि कोणत्या भाषेत?

१. पियाजे मुळात जीवशास्त्राचा अभ्यासक. पॅरिसमध्ये बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्याचे लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांकडे गेले, कारण एका वयाची मुले साधारण एकाच पद्धतीने चुकत होती. तुमच्या सराव पाठातले असे एक चुकीचे उत्तर आणा, ज्यात मुलाचा स्वतःचा नियम दिसतो. ‘१/४ हे १/३ पेक्षा मोठे, कारण ४ मोठा’ असे म्हणणारा पाचवीतला मुलगा कोणता नियम वापरतो आहे? तो नियम त्याला आजवर कुठे उपयोगी पडला असेल?

२. झाकलेली वस्तू साधारण आठव्या महिन्यापर्यंत बाळ शोधत नाही, म्हणून वस्तू असतेच हे त्याला कळत नाही, असे पियाजेने मानले. १९८५ मध्ये बायार्जों, स्पेल्की आणि वासरमन यांनी हात पुढे करण्याची अटच काढली आणि बाळ किती वेळ पाहते ते मोजले. आड ठेवलेल्या ठोकळ्यातून फळी आरपार गेल्यासारखे दाखवले, तेव्हा पाच महिन्यांची बाळे जास्त वेळ पाहत राहिली. जास्त वेळ पाहणे म्हणजे ‘कळणे’ का? तुमची बाजू कोणतीही असो, दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आधी मांडा.

३. तीन डोंगरांचा प्रयोग चित्र दाखवून सांगा: डोंगरांच्या प्रतिकृतीभोवती दुसरीकडे बसलेल्या बाहुलीला ते कसे दिसतील, हे मुलाला विचारायचे. येळ्ळूरच्या पाच वर्षांच्या मुलाला घरून राजहंसगड रोज दिसतो. तोच गड देसूरकडून कसा दिसेल, हे तो सांगू शकेल का? नाही सांगू शकला, तर तो आत्मकेंद्री म्हणायचा, की प्रश्नच अवघड? मार्टिन ह्यूजने १९७५ मध्ये पोलीस बाहुल्या आणि एकमेकांना छेदणाऱ्या भिंती घेतल्या. बाहुलीला पोलिसांपासून लपवायचे होते. साडेतीन ते पाच वर्षांच्या सुमारे ९० टक्के मुलांना ते जमले. दोन्ही प्रयोगांत दुसऱ्याची नजर ओळखायची आहे, मग एवढा फरक कशाने पडला?

४. बटणांच्या दोन सारख्या ओळी. दोन्हींत बटणे सारखीच आहेत का, असे मुलाला विचारतात. मोठा माणूस एक ओळ पसरवतो आणि मघाचाच प्रश्न पुन्हा विचारतो. आपल्या शाळांतल्या मुलाला ठाऊक असते की गुरुजींनी प्रश्न परत विचारला म्हणजे पहिले उत्तर चुकले. तो उत्तर बदलतो ते संख्या न कळल्यामुळे, की गुरुजी कळल्यामुळे? मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांच्या १९७४ च्या प्रयोगात ओळ ‘खोडकर टेडी’ने विस्कटली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या मुलांची बरोबर उत्तरे सुमारे १६ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर गेली.

इथे थांबू नका. बहुतेक सादरीकरणे इथे टाळ्या घेतात. टेडीने खरोखरच एक बटण पळवले असते, तर त्याच मुलांनी काय उत्तर दिले असते? त्यांचे लक्ष टेडीकडेच असेल आणि तरीही ती ‘सारखेच’ म्हणाली असती, तर या प्रयोगातून काय सिद्ध होते?

५. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांना मातीचा गोळा लांबवला तरी माती तेवढीच राहते, हे इतर मुलांपेक्षा चांगले कळत होते (प्राइस-विल्यम्स आणि सहकारी, १९६९). खानापूर आपल्या मातीकामासाठी ओळखले जाते. तिथल्या कुंभाराच्या घरातली सहा वर्षांची मुलगी आणि टिळकवाडीतल्या फ्लॅटमधली सहा वर्षांची मुलगी यांच्या उत्तरांत तुम्हाला कसा फरक अपेक्षित आहे? माती सोडून पाणी घेतले तर तो फरक टिकेल का? नाही टिकला, तर अवस्था मुलाची म्हणायची, की मुलाच्या आणि मातीच्या ओळखीची?

६. हा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, गल्लीत दोन्ही, अशी मुले आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. अशा मुलाला कन्नडमध्ये विचारले, ‘यात पाणी जास्त की त्यात?’ आणि ते गप्प राहिले. निरीक्षण वहीत तुम्ही काय लिहाल? ‘अक्षय्यतेची संकल्पना विकसित नाही’ हे वाक्य मी तुमच्या वह्यांमध्ये पुष्कळदा वाचते. ते लिहिण्याआधी तोच प्रश्न आजीच्या तोंडून, घरच्या मराठीत विचारला गेला होता का? उलट बाजूही बघा: घरी कन्नड बोलणारे मूल मराठी शाळेत बसले तर हाच अन्याय आपल्या हातून होतो. व्हिगोत्स्की म्हणतो, मूल एकट्याने काय करते याइतकेच मदतीने काय करते हेही पाहा. मग दोन भाषांत, आधी एकट्याने आणि नंतर मदतीने, अशी चाचणी कशी घ्याल? वर्गाला प्रत्यक्ष करून दाखवा, प्रश्नांची वाक्ये फळ्यावर लिहून.

७. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांनी गिऱ्हाइकाशी केलेले हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर होते. तीच गणिते नुसत्या आकड्यांत कागदावर दिली, तेव्हा सुमारे ३७ टक्के. हा अभ्यास १९८५ चा. आपल्या बाजारात आईशेजारी बसून कोथिंबिरीच्या जुड्या विकणारा मुलगा शाळेत ‘गणितात कच्चा’ ठरतो. तो ‘मूर्त क्रियात्मक’ अवस्थेत आहे, एवढे म्हणून काय उलगडते? आणि दुसरे टोक: तोंडी हिशेबावरच तो राहिला, तर पुढे बीजगणितात त्याचे काय अडेल?

८. पदार्थ तेवढाच राहतो हे सातव्या वर्षाच्या आसपास, वजन नवव्या आणि घनफळ अकराव्या-बाराव्या वर्षी कळते, हे पियाजेनेच नोंदवले आणि या अंतराला नावही दिले. नाव दिल्याने कारण मिळते का? एकाच अवस्थेत चार-पाच वर्षांचे अंतर पडत असेल, तर ‘अवस्था’ म्हणजे काय उरले?

९. थोडक्यात घ्या: वेसनचा चार पत्त्यांचा प्रश्न (१९६६) वर्गात सोडवायला द्या. बहुतेक सुशिक्षित प्रौढ तो चुकतात. मग अमूर्त तर्काची ती चौथी अवस्था कोणाची? १९७२ च्या लेखात पियाजेने स्वतः मान्य केले होते की अशी विचारपद्धती माणसाच्या व्यवसायावर आणि आवडीवर अवलंबून असू शकते. हे सांगायला विसरू नका. त्याच्यावर टीका करणाऱ्यांनी त्याचे पुढचे लेखनही वाचायला हवे.

१०. सिग्लरच्या मते मूल एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढत नाही. जुन्या आणि नव्या पद्धती त्याच्याकडे एकाच वेळी असतात, फक्त त्यांचा वापर कमी-जास्त होत जातो. पहिलीतली मुलगी ८ + ५ बोटांवर मोजते, ५ + ५ आठवणीने सांगते आणि ९ + ४ करताना आधी दहा पुरे करते, हे सगळे एकाच तासात. सोमवारी तुम्ही तिच्या वर्गावर असाल आणि मुख्याध्यापक म्हणतील, ‘बोटे बंद करा.’ तुम्ही त्यांना काय सांगाल? आणि त्या सांगण्यात पियाजेचे काय ठेवाल, काय सोडाल?