प्रोफाइलवरील नावाचे स्पेलिंग दुरुस्त करण्याबाबत विनंती

दिनांक : 3 मार्च 2026

प्रति,
ग्राहक साहाय्य विभाग

महोदय / महोदया,

आपल्या मदत-पानावर स्वतःच्या भाषेत लिहिण्याची मुभा आहे, म्हणून मराठीतून लिहीत आहे.

14 जानेवारीला मी आपल्या ॲपवर खाते उघडले. प्रोफाइलवर माझे नाव DYNANADA KSHIRSAGAR असे दिसते. ते DNYANADA KSHIRSAGAR असायला हवे. दुसरे आणि तिसरे अक्षर उलटे पडले आहे. आडनाव बरोबर आहे. माझ्या भारतीय पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी, यंत्राने वाचायच्या पहिल्या ओळीत, असे छापले आहे :

```
P<INDKSHIRSAGAR<<DNYANADA<VINAYAK<<<<<<<<<<<
```

मी नाव हाताने टाइप केले नव्हते, पासपोर्ट स्कॅन केला होता. चूक नेमकी कुठे झाली ते मला सांगता येणार नाही, पण पासपोर्टवर ती नाही.

‘ज्ञानदा’मधील ‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’ असा उच्चारतात आणि इंग्रजीत DNY असा लिहितात. अपरिचित माणसाला ही अक्षरे चुकीची वाटू शकतात, म्हणून मुद्दाम सांगते. हिंदीत याच अक्षराचा उच्चार ‘ग्य’ असल्याने तिकडे GY लिहितात, पण माझे नाव कृपया GYANADA करू नये.

हा प्रश्न केवळ पडद्यावरच्या अक्षरांचा नाही. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो क्षेत्रात पैसे पाठवण्यापूर्वी आयबॅन आणि खातेदाराचे नाव जुळते का, हे बँकेला तपासावे लागते. गेल्या आठवड्यात माझ्या कार्यालयाने पगार पाठवताना त्यांना ‘नाव पूर्ण जुळत नाही’ अशी सूचना आली आणि लेखा विभागाने खात्री होईपर्यंत रक्कम थांबवली. त्यामुळे हे स्पेलिंग फक्त प्रोफाइलवर चुकले आहे की खात्याच्या मूळ नोंदीतही, हे तपासून दोन्हीकडे दुरुस्त करावे. कार्ड आणि खाते-उताऱ्यावरचे नावही पाहावे. वडिलांचे नाव जोडणे आपल्या नियमात बसत असेल तर माझी हरकत नाही.

चॅटवर मला आधी ‘प्रोफाइल संपादित करा’ असे सांगण्यात आले. तिथे फक्त टोपणनाव बदलता येते. कायदेशीर नावाच्या रकान्याला कुलूप आहे. नंतर खाते बंद करून नवे उघडण्याचा सल्ला मिळाला. तो मला मान्य नाही, कारण आयबॅन बदलला तर पगार, घरभाडे आणि विमा या सगळ्यांची नोंद नव्याने करावी लागेल. खाते आणि आयबॅन तेच ठेवून नाव दुरुस्त व्हावे, अशी विनंती आहे.

चुकीची वैयक्तिक माहिती विनाविलंब दुरुस्त करून मिळण्याचा हक्क जीडीपीआरच्या कलम 16 ने मला दिला आहे आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती साधारणपणे एका महिन्याच्या आत देणे कलम 12 नुसार बंधनकारक आहे. त्याप्रमाणे लेखी उत्तर द्यावे.

प्रोफाइलचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. पासपोर्टची प्रत ईमेलने पाठवणे मला सुरक्षित वाटत नाही. ॲपमध्येच अपलोडची सोय खुली केल्यास त्याच दिवशी देईन.

आपली विश्वासू,
ज्ञानदा विनायक क्षीरसागर