धरमपेठ, नागपूर येथील चौघांच्या कुटुंबासाठी आरोग्य विम्याची तुलना

| मुद्दा | पॉलिसी अ | पॉलिसी ब |
|---|---|---|
| वार्षिक हप्ता | ₹२१,४०० | ₹२६,९०० |
| विमा रक्कम | ₹१० लाख; खोलीभाडे दिवसाला ₹५,००० पर्यंतच मिळते. | ₹१० लाख. खोलीभाड्यावर मर्यादा नाही. |
| प्रतीक्षा कालावधी | अपघात वगळता पहिले ३० दिवस. मोतीबिंदू, हर्निया २४ महिने. आधीचे आजार ३६ महिने. | आधीचे आजार २४ महिने; बाकी तसेच. |
| वगळलेले | सौंदर्यशस्त्रक्रिया, वंध्यत्वोपचार. | तेच. |
| दावा | प्रत्येक दाव्यात १० टक्के रक्कम स्वतः भरावी लागते. | असा वाटा नाही. तातडीच्या भरतीची सूचना २४ तासांत द्यावी. |

कुटुंबप्रमुखांना मधुमेह असल्याने, आणि 'अ'मध्ये महागडी खोली घेतल्यास डॉक्टरांच्या शुल्कासह इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जात असल्याने, ₹५,५०० अधिक भरून 'ब' घेणे आम्हाला योग्य वाटते. मात्र प्रस्ताव अर्जात मधुमेहाची नोंद अवश्य करावी.