आवाज बदलला की

भोसरीतल्या शॉपमध्ये तात्यांचा शेवटचा आठवडा. ग्राइंडिंग मशीनपाशी सुपरवायझर मेघना वही घेऊन उभी.

"व्हील ड्रेस करून पुन्हा धार कधी काढायची?"

"आवाज बदलला की."

तिने लिहिलं, खोडलं. हे वाचून कोणाला काय कळणार! मग मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ती एकेक जॉब मोजत राहिली. 13व्या जॉबला तात्या थांबले. "ऐक. आता घासतंय, कापत नाही." मायक्रोमीटरवर साइज बरोबर होती, जॉबवर फक्त पुसट निळसर झाक.

तिने तेही टिपलं. "आणि सकाळी 20 मिनिटं मशीन रिकामी का फिरवता?"

"स्पिंडल तापल्याशिवाय साइज धरत नाही, पोरी. 34 वर्षांत कुणी विचारलंच नाही."

तात्यांनी वही ओढून घेतली. "पेन दे. पावसाळ्याचं राहिलंय."