लॉग दिसला की विचारा: कितवा घात?

अकरावी सायन्सच्या सगळ्यांना,

लॉगचे नियम कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले असतील तर तो कागद काढा. सगळे नियम दिसायला भावंडांसारखे असतात. पाठ केले की पेपरात बेरजेचा नियम कुठला आणि गुणाकाराचा कुठला यात हमखास गडबड होते. त्याऐवजी एक प्रश्न धरून ठेवा.

log₂ 8 दिसलं की मराठीत वाचा: २ चा कितवा घात ८? तिसरा, म्हणून उत्तर 3. log₁₀ 1000 पण 3. log₅ (1/25) म्हणजे -2, कारण घात उणे झाला की संख्या छेदात जाते. log₉ 3 म्हणजे 1/2, कारण ९ चं वर्गमूळ ३. लॉगचं उत्तर हा नेहमी घातांक असतो. बाकी सगळं इथूनच निघतं.

log₂ (8×4) घ्या. ८ म्हणजे तीन दोनांचा गुणाकार, ४ म्हणजे दोन दोनांचा. एकत्र गुणले की ओळीत पाच दोन उभे राहतात: 2×2×2×2×2 = 32. आपण दोन मोजले, म्हणून बेरीज झाली, 3 + 2. भागाकारात दोन कटतात, म्हणून वजाबाकी. आणि 8⁴ म्हणजे तीन-तीन दोनांचे चार गट, एकूण बारा. म्हणून log₂ 8⁴ = 4×3. घातांक "पुढे येतो" असं नुसतं पाठ करणारे (log₂ 8)⁴ मधलाही ४ पुढे आणतात. तिथे घात ८ चा नाही, उत्तराचा आहे: 3⁴ = 81.

सर्वात जास्त मार्क खाणारी चूक म्हणजे log (m+n) फोडणं. 8 + 8 = 16, आणि log₂ 16 = 4. फोडून केलं तर 3 + 3 = 6 येतं, म्हणजे 64! बेरजेत दोनांची ओळ लांबत नाही, त्यामुळे तिथे मोजायला काही नसतं. शंका आली की 8 आणि 4 घालून तपासा, अर्धं मिनिट लागतं.

पाया बदलताना भागाकार की वजाबाकी हेही असंच समजतं. log₈ 32: ३२ मध्ये पाच दोन, एका ८ मध्ये तीन दोन. पाचात तीन किती वेळा बसतात? 5/3. म्हणून वरची संख्या अंशात आणि पाया छेदात.

log 1 = 0 हे वेगळं लक्षात ठेवायलाच नको. पण धन पायाचा कुठलाही घात घेतला तरी येणारी संख्या शून्य किंवा ऋण होत नाही, म्हणून अशा संख्येचा लॉगच नसतो, हे मात्र विसरू नका. पाया १० धरून log x + log (x-3) = 1 सोडवताना x² - 3x - 10 = 0 येतं, x = 5 किंवा -2. इथे -2 खोडायचा, आणि का खोडला ते एका ओळीत लिहायचं. बरीच मुलं दोन्ही उत्तरं ठेवून देतात.

आता लॉगटेबल. टेबलमध्ये फक्त १ ते १० मधल्या संख्यांचे लॉग आहेत. दशांश चिन्ह कुठे हे १० चा घात सांगतो. 200 = 2×10², म्हणून 2.3010. 0.02 = 2×10⁻², म्हणून बार टू पॉइंट 3010, म्हणजे -2 + 0.3010. बार फक्त २ वर आहे, त्याला -2.3010 वाचलं की गणित गेलं. खरी अडचण वर्गमूळ काढताना येते. √0.2 साठी बार वन पॉइंट 3010 ला २ ने भागायचंय. -1 नीट भागला जात नाही, म्हणून आधी -2 + 1.3010 करा. भागल्यावर -1 + 0.6505, अँटिलॉग 0.4472. उणे भाग आधी भागला जाईल असा करायचा, उसने घेतलेले अधिक बाजूला टाकायचे, मगच भागायचं.

वापर कुठे? समजा सांगलीतल्या एखाद्या पतसंस्थेत वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने पैसे ठेवले. ते दुप्पट कधी? 1.08 चा कितवा घात 2? log 2 / log 1.08 = 0.3010 / 0.0334, म्हणजे साधारण ९ वर्षं. इथे लॉगांची वजाबाकी करू नका. log 2 - log 1.08 म्हणजे log (2/1.08), तो वेगळाच प्रश्न आहे.

रविवारी अभ्यासिकेत येताना log₄ 32 आणि √0.005 सोडवून आणा. पहिलं टेबल न उघडता करायचं. दुसऱ्यात बार थ्री येईल, तो बार फोर करून घ्या. उत्तर 0.0707 च्या आसपास आलं नाही तर वही तशीच आणा, खोडू नका. नेमकं कुठे घसरलं ते त्याच ओळीवर बसून बघू.

बारावी सायन्स, विश्रामबाग, सांगली