अंगण वाकडं आहे का, आधी बघू

नमस्कार. प्राचार्य सर, सगळे निदेशक, आणि आज पहिल्यांदा आलेल्या सगळ्या पोरांनो आणि पोरींनो... पोरी मोजल्या मी आत्ता, फिटरच्या रांगेत चौघी दिसतायत, आमच्या वेळी वीस जणांत आम्ही दोघीच होतो, म्हणजे डबल झाल्यात, चांगलंय.

मला सरांनी फोन केला आणि म्हणाले नव्या बॅचला जरा मोटिव्हेशन द्या. मी म्हटलं सर मी चाकणला टूलरूममध्ये काम करते, मला डाय जुळवून द्या म्हणा तर देते, मोटिव्हेशन कुठून आणू? तर म्हणाले तुमची कानशीची गोष्ट सांगा. म्हणजे इतकी वर्षं झाली तरी सर विसरले नाहीत, मी आपली समजत होते झालं गेलं गंगेला मिळालं.

तर एक म्हण सांगते, सगळ्यांना माहितीय, घरी रोज कुणाला ना कुणाला ऐकवली जाते. नाचता येईना... (तुम्ही म्हणा)... अंगण वाकडं! बरोबर. पण हिचा पुढचा भाग किती जणांना येतो? नाही ना? रांधता येईना ओली लाकडं. माझी आजी दोन्ही भाग म्हणायची, आणि दुसरा भाग म्हणताना तिचा आवाज जास्त चढायचा, कारण ती स्वतः चुलीवर रांधायची आणि ओल्या लाकडाचा धूर काय असतो हे तिला चांगलं माहीत होतं.

आता गोष्ट. फिटरला आल्यावर पहिलं काय करायला लावतात तर फाइलिंग, म्हणजे कानशीने घासणं. तुम्हाला वाटत असेल आयटीआयला आलो म्हणजे लगेच सीएनसी, तर तसं काही नसतंय, हातात एक फाइल येते, जिचं नाव ऐकून तुम्ही पहिल्या दिवशी हसणार, बास्टर्ड फाइल, आणि एक एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि त्याचा पृष्ठभाग सपाट करायचा. बस्स. ऐकायला किती सोपं. मी सकाळी खेडवरून एसटी पकडून यायची आणि दिवसभर घासायची, घरी गेल्यावर भाकरीचा तुकडा मोडताना बोटं दुखायची.

आणि जॉब काही सपाट होईना. सर ट्राय स्क्वेअरचं, म्हणजे गुण्याचं पातं त्यावर ठेवायचे, जॉब उजेडाकडे धरायचे आणि मला दाखवायचे, पातं मधे टेकलेलं आणि दोन्ही कडांना उजेड. म्हणजे जॉबला पोट आलेलं. आमच्या शॉपमध्ये त्याला नावच पडलं, हिचा जॉब गरोदर आहे म्हणून. हसा हसा, तेव्हा मी पण हसले होते, मग बसमध्ये रडले.

मग मी कारणं द्यायला लागले. पहिलं कारण फाइलचे दात गेलेत. सरांनी दुसरी फाइल दिली, तिला खडू लावून दिला, म्हणजे दातांत कीस अडकत नाही. तरी पोट. मग म्हटलं तुकडाच खराब आहे, कडक आहे. तुकडा बदलला. पोट. मग मी म्हटलं सर हा व्हाइसच बरोबर नाहीये, आणि मागून एका पोराने मोठ्याने म्हण मारली, नाचता येईना अंगण वाकडं! अख्खं शॉप हसलं, मशीनवरचे सीनियर पण.

मला वाटलं आता सर पण हसणार. ते हसले नाहीत. त्या पोराला पण काही बोलले नाहीत, मला म्हणाले, "इकडे ये गं. सरळ उभी राहा. कोपर व्हाइसच्या जबड्यावर टेकव आणि मूठ हनुवटीखाली आण." मी कोपर टेकवायला गेले तर खांदाच वर उचलावा लागला, आणि मूठ हनुवटीच्या वर, नाकापर्यंत गेली. उंची बरोबर असेल तर मूठ बरोबर हनुवटीला लागते, ही फिटरची जुनी पद्धत आहे, टेप पण लागत नाही. आमचे व्हाइस उंच पोरांच्या मापाने बसवलेले आणि मी ही अशी, पावणेपाच फूट.

सर म्हणाले, "अंगण खरंच वाकडं आहे की हिचं."

खरं सांगते, त्या वाक्याने जेवढं बरं वाटलं तेवढं मला रिझल्टच्या दिवशी पण वाटलं नाही. सर स्वतः सुतारकामाच्या शॉपमध्ये गेले, दोन जाड फळ्या ठोकून एक पाट करून आणला आणि माझ्या पायाखाली ठेवला. परत कोपर, परत मूठ. लागली हनुवटीला.

आणि मग हळूच म्हणाले, "आता अंगण सरळ झालं. आता नाच."

इथे तुम्हाला वाटत असेल की मी पाटावर चढले आणि जॉब आरशासारखा झाला. कसला काय. परत पोट! फक्त आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं, फाइल नवी, तुकडा नवा, व्हाइस माझ्या मापाचा. तेव्हा मी पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघितलं. स्ट्रोक सुरू होताना मूठ खाली जायची, संपताना फाइलचं टोक खाली जायचं, नुसता सीसॉ चाललेला, मग कडा जास्त घासल्या जाणार आणि मधे पोट राहणार, दुसरं काय होणार. सरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं, सुरुवातीला पुढच्या डाव्या हाताचा जोर जास्त, पुढे जाताना तो उजव्या हाताकडे सरकवायचा, परत येताना दाब सोडायचा. पण मी तेव्हा फाइलच्या दातांवर संशय घेण्यात बिझी होते. पाट आल्यानंतर अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी सरांनी पातं ठेवलं, उजेडाकडे धरलं, फिरवून आडवं धरलं, कर्णावर धरलं, आणि काही न बोलता जॉब माझ्या हातात देऊन पुढच्या व्हाइसवर गेले. कुठूनही उजेड येत नव्हता.

आजीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली त्यात काय, ओली लाकडं असली तर आदल्या रात्री चुलीशेजारी लावून ठेवायची, सकाळी पेटतात, आणि तरी भात करपला तर मग तो आपला. तिने एवढं बोलून विषय संपवला आणि मला जेवायला वाढलं.

तर मी आज इथे ही म्हण तुमच्या डोक्यात मारायला आलेली नाही, ती मारणारे तुम्हाला घरीदारी पुष्कळ भेटतील. मला दोन्ही गोष्टी ऐकायच्यात. तुमच्यातल्या कुणाची बस पहाटे साडेपाचला असेल, कुणाला इंग्रजीतल्या ड्रॉइंगची भीती वाटत असेल, कुणाला घरच्यांनी "दहावीला मार्क कमी पडले म्हणून आयटीआय" असं ऐकवलं असेल. सरांनी हा फळा आणून ठेवलाय, मी मधे रेघ मारते. डाव्या बाजूला लिहू अंगण, उजव्या बाजूला नाच. तुम्ही एकेक अडचण सांगायची, आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचं ती कुठल्या बाजूला जाते, आणि डाव्या बाजूला जे जाईल त्याला पाट कोण आणि कधी करणार हे निदेशक इथेच आहेत, त्यांच्यासमोरच विचारू.

लाजू नका. मागच्या रांगेतला तो निळा शर्ट, मघापासून शेजारच्याला काहीतरी सांगतोयस, तूच सुरुवात कर. बोल, काय अडचण आहे तुझी?